अक्षराचे गुण किती, उत्तराचे किती?

जानेवारीत दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका मुलांच्या हाती दिल्या आणि दुसऱ्याच दिवशी एक आई सांगलीच्या आमच्या शाळेत आल्या. सोबत मुलगा होता, मान खाली घालून. त्यांनी पिशवीतून विज्ञान भाग १ ची उत्तरपत्रिका काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "सर, गुण वाढवून मागायला आले नाही. पण हा म्हणतो, हे उत्तर बरोबर आहे. मला काही ते वाचता येत नाही. तुम्हीच वाचून दाखवा."

आम्ही वाचू लागलो. प्रश्न होता, तारे का लुकलुकतात? दोन गुणांचा. मुलाने तीन ओळींत, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत लिहिले होते: हवेचे थर सतत हलतात, त्यांची घनता बदलते, त्यामुळे अपवर्तनांक बदलत राहतो, तारा फार दूर असल्याने बिंदूसारखा असतो, म्हणून त्याची जागा क्षणोक्षणी हलल्यासारखी वाटते. तिसऱ्या ओळीशी येता येता आमचा आवाज खाली आला. उत्तर पूर्ण बरोबर होते. आम्ही त्याला दोनपैकी एक गुण दिला होता.

त्या बाईंना आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत जे कळले ते आज लिहितो आहोत. घराघरांत जे बोलले जाते, "पोराला सगळं येतं, पण अक्षरात मार खातो," त्यात खरे किती आणि सबब किती, हा प्रश्न आहेच. त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की अक्षराने मार खावा का?

आधी आमची एक कबुली. आम्ही भाषेचे शिक्षक. आधी साताऱ्यात उर्दू शिकवली, आता सांगलीत मराठी शिकवतो. शाळेत विज्ञानाची एक जागा रिकामी राहिल्याने दोन वर्षांपासून तो विषयही आमच्याकडे आला आहे. विज्ञानात आमचा पाय तितका घट्ट नाही. आता वाटते, चूक तिथेच झाली. विषयावर पकड असलेला शिक्षक उत्तरात मुद्दा शोधतो. पकड सैल असलेला शिक्षक, त्याच्याही नकळत, पान कसे दिसते याच्या आधाराने अंदाज बांधतो. स्वच्छ पान दिसले की वाटते, याला येत असणार.

दोन दिवसांच्या मुदतीत आम्ही एकच गोष्ट केली. गणिताच्या एका सहकारी बाजींना विनंती केली, की त्यांनी उत्तरे मोठ्याने वाचावीत आणि आम्ही कागद न पाहता, फक्त ऐकून गुण द्यावेत. मुद्द्यांची यादी आधी लिहून घेतली. ताऱ्यांच्या प्रश्नाला दोन मुद्दे ठरवले: वातावरणातील हवा हलती असल्याने अपवर्तनांक बदलत राहतो, याला एक गुण, तारा फार दूर असल्याने बिंदूसारखा दिसतो आणि म्हणून त्याची भासमान जागा बदलते, याला दुसरा. त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेबरोबर वर्गातल्या आणखी सहा उत्तरपत्रिका घेतल्या. त्यात सर्वांत देखणी उत्तरपत्रिका एका मुलीची होती. तिला चाळीसपैकी एकतीस होते, मुलाला सतरा.

त्याच ताऱ्यांच्या प्रश्नाला मुलीने सहा ओळी लिहिल्या होत्या. मथळ्याखाली पट्टीने रेघ, समास सोडलेला, दोन ओळींत अंतर. बाजी वाचत गेल्या: तारे आपल्यापासून फार दूर आहेत, ते स्वयंप्रकाशित आहेत, रात्रीच्या आकाशात ते सुंदर दिसतात, त्यांचा प्रकाश वातावरणातून येताना त्याचे अपवर्तन होते, म्हणून ते लुकलुकतात. ऐकताना लगेच लक्षात आले, की अपवर्तन होते एवढेच इथे सांगितले आहे. अपवर्तन सतत बदलते हा गाभा नाही. हवा स्थिर असती तर प्रकाश वळला असता, पण तारा लुकलुकला नसता. म्हणजे एक गुण, फार तर. आम्ही दोन दिले होते.

एकाच प्रश्नाला, एकाच संध्याकाळी, बरोबर उत्तराला एक आणि अपुऱ्या उत्तराला दोन. यात वशिला नव्हता, राग नव्हता, त्या मुलीचे वडील आमच्या ओळखीचेही नव्हते. काळजी करण्यासारखी गोष्ट हीच आहे. हे होताना आपल्याला काही जाणवत नाही.

आम्ही एकटेच असे नाही, ही थोडी दिलाशाची आणि बरीचशी लाजेची गोष्ट. अमेरिकेत या विषयावर शंभर वर्षांच्या आसपास प्रयोग होत आले आहेत. पद्धत साधी असते. तोच मजकूर, शब्दाला शब्द, एकदा सुवाच्य अक्षरात आणि एकदा गिचमिड अक्षरात लिहून घ्यायचा आणि वेगवेगळ्या शिक्षकांना तपासायला द्यायचा. लिंडा मार्कहॅम यांनी १९७६ साली शिक्षक आणि शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी अशा दोघांकडून निबंध तपासून घेतले. मजकूर कोणत्याही दर्जाचा असो, चांगल्या अक्षरातल्या निबंधाला जास्त गुण मिळाले. अशा प्रयोगांचा एकत्र आढावा पुढे घेतला गेला, तेव्हाही हेच दिसले.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पन्नास उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असतो. सुवाच्य पान डोळ्यांत सरळ उतरते आणि वाचणे सोपे गेले की मजकूरही पटल्यासारखा वाटतो. गिचमिड पानावर प्रत्येक शब्द सोडवावा लागतो. त्या त्रासाचा राग कुठेतरी साठतो आणि शेवटी गुणांवर निघतो. शिवाय शब्द सोडवता सोडवता वाक्याचा धागा सुटतो, म्हणून विचारच तुटक आहे असे वाटू लागते. त्यातही देखण्या उत्तरपत्रिकेच्या पाठोपाठ गिचमिड आली तर ती आणखीच वाईट दिसते.

पण म्हणून अक्षराचा आणि मांडणीचा गुणांशी काहीच संबंध नको, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणे सोपे आहे, आणि चूक आहे. हे त्याच सात उत्तरपत्रिकांमधल्या आकृत्यांनी आम्हाला शिकवले.

आकृत्या ऐकून तपासता येत नाहीत, त्या पाहाव्याच लागतात. प्रश्न असा होता: बहिर्गोल भिंगासमोर, दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे वस्तू ठेवली आहे; किरणाकृती काढून प्रतिमा दाखवा. गुण तीन. मुलीने भिंगाला फिक्या निळ्या रंगाने छटा दिली होती, नावे टपोऱ्या अक्षरात लिहिली होती, रेघा पट्टीने ओढल्या होत्या. आम्ही तिनापैकी तीन दिले होते. पुन्हा पाहिले तर एकाही किरणावर बाण नव्हता. बाण नसेल तर तो किरण नव्हे, नुसती रेघ आहे. प्रकाश कोणीकडून कोणीकडे चालला आहे, हेच त्यातून कळत नाही. निळ्या छटेला गुण नाही, बाणाला आहे. तिचे दोन झाले.

मुलाची आकृती पट्टी न वापरता काढलेली. भिंग भाकरीसारखे एका बाजूला फुगलेले. पण बाण जागच्या जागी होते आणि मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण भिंगातून गेल्यावर नाभीतून बरोबर काढला होता. प्रतिमा उलटी आणि वस्तूपेक्षा लहान. आम्ही दीड दिला होता, खरे तर चिडून. मात्र त्याचा दुसरा किरण भिंगाच्या प्रकाशीय मध्यातून जाताना किंचित वाकला होता. त्या ठिकाणी किरण वाकत नाही, सरळ जातो. मुलाला हे माहीत होते, हात हलला होता. पण कागदावर वाकलेला किरण म्हणजे चुकीचे विधानच. तिथे अर्धा गुण गेला तो रास्त गेला. त्याचे अडीच झाले.

इथे आम्हाला फरक समजला. पट्टी न वापरल्याबद्दल गुण कापायचा नाही. पट्टी न वापरल्याने किरण वाकला, तर वाकलेल्या किरणाबद्दल कापायचा. भूमितीतल्या रचनेतही हेच. जाड टोकाच्या पेन्सिलीने काढलेला कंस मिलिमीटरभर सरकतो आणि स्पर्शिका वर्तुळाला शिवण्याऐवजी छेदून जाते. तिथे स्वच्छता हीच अचूकता. पत्रलेखनात तर मांडणी विचारलेलीच असते. दिनांक, पत्ता, मायना, विषय, समारोप हे जागेवर नसतील तर ते पत्रच नव्हे. अशा ठिकाणी मांडणीचे गुण हे उत्तराचेच गुण आहेत आणि मुलाला ते आधीपासून माहीत आहेत. ताऱ्यांच्या प्रश्नात मात्र समासाला गुण ठेवलेले नव्हते, तरी आम्ही ते चोरवाटेने दिले.

आता अक्षराकडे येतो. वाईट अक्षर आणि न वाचता येणारे अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवनागरीत काही जोड्या अशा आहेत, की हात घाईत असला की त्या एकमेकींत मिसळतात: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. यांतल्या ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली असते, घ, म आणि य यांची अखंड असते. हल्ली बरीच मुले वेळ वाचवायला शिरोरेषा देतच नाहीत. मग ही खूणच नाहीशी होते. आता गणितात 'घन' म्हणजे एक आणि 'धन' म्हणजे दुसरेच. एखाद्याने '६४ चे धन वर्गमूळ ८' लिहिले आणि ध हा घ सारखा दिसला, तर पुढचा आठ त्याला वाचवतो, कारण घनमूळ चार असते. पण रिकाम्या जागेत एकच शब्द लिहायचा असेल, तर वाचवायला शेजारी कोणी नसतो. तिथे परीक्षकाने आपल्या मनाने चांगले गृहीत धरायचे ठरवले, तर अक्षर चांगले असलेल्या, पण खरोखर 'घन' असे चुकीचे लिहिलेल्या मुलावर अन्याय होतो. त्याची चूक स्वच्छ दिसते, याची झळ दिसते, एवढाच तो फरक.

उर्दूत हा प्रश्न नुक्त्यांचा. बे, पे, ते, से ही अक्षरे म्हणजे एकच होडी. वर-खाली किती नुक्ते आहेत त्यावर ओळख. घाईच्या लिखाणात दोन नुक्त्यांची एक आडवी रेघ होते, तीन नुक्त्यांची टोपी होते. हा गलथानपणा नाही, ती जुनी चालत आलेली रीत आहे. जुन्या दस्तऐवजांतली शिकस्ता लिपी ज्याने पाहिली आहे त्याला ती सहज वाचता येते. ज्याने फक्त छापील पुस्तक पाहिले आहे तो तिथे चूक समजून लाल गोल करतो. साताऱ्यात असताना असे गोल आमच्या हातूनही झाले आहेत. वाचता येत नाही असे म्हणण्याआधी, दोष लिहिणाऱ्याचा की वाचणाऱ्याच्या सवयीचा, हे पाहावे लागते.

(साताऱ्यातलाच एक डावखुरा मुलगा आठवतो. त्याची मराठीची वही शाईने फरकटलेली असे, उर्दूची मात्र लख्ख. मराठीत त्याचा हात ओल्या शाईवरून पुढे सरकत असे, उर्दूत शाई हाताच्या मागे राहत असे. मराठीचे शिक्षक त्याला आळशी म्हणत, उर्दूचे टापटिपीचा.)

मग न वाचता येणारे ठरवायचे कसे? आम्ही ठरवलेली कसोटी अशी. एकाला वाचता आले नाही, तर त्या विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाला, काही न सांगता, वाचायला द्यायचे. दोघांपैकी एकाला जरी शब्दाला शब्द वाचता आले, तरी ते उत्तर वाचनीय धरायचे आणि पूर्ण तपासायचे. दोघांनाही आले नाही, तर जेवढे वाचता आले तेवढ्यालाच गुण. त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत शेवटचे एक उत्तर असे निघाले. आम्हाला आले नाही, बाजींना आले नाही, विज्ञानाच्या दुसऱ्या सरांनाही आले नाही. मुलाला बोलावले तर त्याने घडाघडा वाचून दाखवले, आणि उत्तर बरोबर होते.

इथे आम्ही अडलो. गुण द्यावेत की नाही? तो कागदावरचे वाचत होता, की परीक्षेनंतर पाठ केलेले म्हणत होता? तो खोटे बोलत असेल असे आम्हाला वाटले नाही. पण बोर्डाच्या परीक्षेत त्याला बोलावून विचारणारा कोणी नसतो. तिथे कागदच बोलतो. शून्य तसेच ठेवले. बाजींना ते पटले नाही. त्या म्हणाल्या, सराव परीक्षा शिकण्यासाठी असते, अर्धा तरी द्या. आम्ही दिला नाही. आजही आम्हाला वाटते ते बरोबर होते, पण बाजींचे म्हणणे टाकाऊ होते असे म्हणवत नाही.

सगळे मिळून मुलाचे सतराचे एकवीस झाले: ताऱ्यांचा एक, आकृतीचा एक आणि इतर दोन प्रश्नांत एकेक. मुलीचे एकतीसचे एकोणतीस. उरलेल्या पाच उत्तरपत्रिकांत फरक अर्ध्या-एका गुणाचाच निघाला, कारण त्यांचे अक्षर ना देखणे होते ना गिचमिड. दोन टोकांनाच हा फटका बसतो.

मुलीचे गुण कमी करावेत का, यावर आम्ही रात्रभर विचार केला. शेवटी केले, आणि तिच्या वडिलांना बोलावून कारण सांगितले. ते नाराज झाले. म्हणाले, "सर, नीट लिहिणं हा गुन्हा आहे का?" आम्ही आकृती पुढे ठेवली आणि विचारले, यात प्रकाश कोणत्या बाजूने चालला आहे, सांगा. त्यांनी पाहिले, मुलीने पाहिले. मुलगी म्हणाली, बाण राहिले. मार्चमध्ये बोर्डाचा परीक्षक बाणासाठी थांबला असता आणि तिला शेवटपर्यंत कळले नसते, की सराव परीक्षेत जे चालले ते इथे का चालले नाही.

एक आक्षेप आमच्या शिक्षक-खोलीतच निघाला. एका ज्येष्ठ सरांनी गांधीजींचा दाखला दिला. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल खंत व्यक्त केली आहे आणि वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानावे असे म्हटले आहे. सरांचे म्हणणे होते, शाळेने सुलेखन शिकवले, कित्ते गिरवून घेतले, मग त्याची किंमत गुणांत का नको? आमच्या वडीलधाऱ्यांनी तख्तीवर, बोरूच्या कलमाने खुशखत कमावले, ते काय उगीच?

आमचे उत्तर असे, की किंमत हवी असेल तर उघड लावा. पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात शिक्षकाला हस्ताक्षराची वेगळी नोंद करता येते, तिथे करावी. लेखी परीक्षेत गुण द्यायचे असतील तर त्यांचा वेगळा रकाना हवा आणि तो मुलाला परीक्षेआधी माहीत हवा. इंग्लंडमध्ये २०१३ पासून इतिहास, भूगोल अशा विषयांच्या माध्यमिक परीक्षेत शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि व्याकरणाला पाच टक्के गुण वेगळे ठेवले गेले. ते पाच टक्के योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण ते लपलेले नव्हते. आपल्याकडे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिलेले असते, की अक्षर सहज वाचता येत नसेल तर त्यापोटी एकूण गुणांतून कपात होईल. त्याच सूचनांत, नेमक्या आणि मोजक्या शब्दांत सुसंगत मांडणी करणाऱ्याला श्रेय मिळेल, असेही म्हटलेले असते. देखणे अक्षर असा शब्द तिथे नाही. वाचता येणारे अक्षर, एवढीच अट. सातारा-सांगलीतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे, कारण राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. गोल काळे करण्याची सवय झालेल्या हाताला आता तासन्तास लिहावे लागणार आहे.

एका प्रकारच्या मुलांबद्दल मात्र अक्षराचा विषय गुणांशी जोडणेच चूक ठरते. काही मुले तोंडी फडाफडा उत्तरे देतात, पण लिहायला बसली की एकाच ओळीत अक्षरे लहान-मोठी होतात, शब्दांतले अंतर सुटत नाही, वेग फार कमी असतो, थोड्याच वेळात बोटे दुखू लागतात, आणि कितीही कित्ते गिरवले तरी फरक पडत नाही. याला लेखन-अक्षमता म्हणतात, डिस्ग्राफिया. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. दहावी-बारावीच्या मुलांनाही अधिकृत प्रमाणपत्रावर लेखनिक, जादा वेळ अशा सवलती मिळतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी विभागीय मंडळ कोल्हापूरला आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत, परीक्षेच्या बराच आधी जावा लागतो. निकालानंतर याचा उपयोग नसतो. आपल्या घरांत अशा मुलाला बहुधा "ध्यान नाही" म्हणून मार मिळतो आणि नववीपर्यंत कोणी तपासणी करत नाही. आठवीतच लक्षण दिसले तर वर्गशिक्षकांना गाठावे.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव दिसत नाही, बारकोड असतो. त्यामुळे हा कोणाचा मुलगा, हे परीक्षकाला कळत नाही. आमच्यासारख्या शाळेतल्या शिक्षकाची गोष्ट वेगळी. आम्ही अक्षर पाहिले की मूल ओळखतो, आणि मूल ओळखले की त्याचे मागचे गुण आठवतात. बोर्डात हा दोष निघतो. गिचमिड अक्षराचा त्रास मात्र तिथेही तोच राहतो. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखालीही मान्य केला आहे. पण पालकांनी एक समजून असावे. छायाप्रतीत न तपासलेले उत्तर सापडले, बेरीज चुकलेली सापडली, तर हरकत पक्की उभी राहते. अक्षरामुळे गुण गेले ही तक्रार पुनर्मूल्यांकनात तितकीशी टिकत नाही, कारण दुसरा परीक्षकही तेच अक्षर वाचणार असतो.

म्हणून त्या आईंनी विचारले, "आता परीक्षेला दोन महिने राहिलेत, काय करू?" तेव्हा आम्ही त्यांना सुलेखनाची वही आणू नका म्हणालो. दोन महिन्यांत अक्षर देखणे होत नाही, आणि त्या प्रयत्नात वेग मात्र जातो. त्याऐवजी त्याच्या उत्तरपत्रिकेतून नेमके कोणते शब्द अडले ते शोधले. घोटाळा चारच ठिकाणी होता: घ-ध, भ-म, शब्दांमधले अंतर, आणि खोडताना एका रेघेऐवजी गिरमिट करून शेजारची ओळही खराब करणे. त्याला सांगितले, पूर्ण शिरोरेषा देत बसू नकोस, वेळ जाईल. पण ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तोडल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा सोड. चुकले तर एकच आडवी रेघ. आकृतीला पट्टी, दरवेळी. आणि रोज एक उत्तर लिहून घरातल्या अशा माणसाला वाचायला दे, ज्याला विज्ञान येत नाही. तो अडखळला की तिथे खूण कर.

वाचणारी माणसे म्हणजे त्याची फूफी झाली. पहिल्या आठवड्यात तिने एका पानावर अकरा खुणा केल्या होत्या, फेब्रुवारीच्या शेवटी तीन. अक्षर आजही वाकडेच आहे.

शाळेत आम्ही आता गठ्ठा वेगळ्या पद्धतीने तपासतो. एक उत्तरपत्रिका अथपासून इतिपर्यंत न पाहता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, आणि दर प्रश्नाला गठ्ठा उलटा करतो, म्हणजे देखण्या पानामागून येण्याची पाळी एकाच मुलावर येत नाही. मुद्दे आधी लिहिलेले असतात. ज्या उत्तरपत्रिका पाहताच कपाळाला आठी पडते, त्या बाजूला ठेवतो आणि शनिवारी शाळा सुटल्यावर बाजी त्या मोठ्याने वाचतात. त्यांच्या गणिताच्या गठ्ठ्यातल्या आम्ही वाचतो. गेल्या शनिवारी त्या एका ओळीवर थांबल्या, कागद दिव्यासमोर धरला, आणि म्हणाल्या, "हे ऋण चिन्ह आहे की खोडलेली रेघ?" आम्हालाही सांगता आले नाही. तो कागद दुसऱ्या सरांकडे गेला आहे.